नऊ मिनिटांची मेणबत्ती

प्रिय मित्रवर्य,



आपले पत्र पोचले. आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा 'नोस्टाल्जिया' हा चित्रपट पॅरिशच्या सभागृहात युवक-युवतींना दाखवण्याचे आपण योजिले आहे, हे वाचून आनंद झाला. पण त्याच पत्राच्या शेवटी आपण एक सूचना केली आहे आणि तिच्यावर आमचे मत मागितले आहे. चित्रपटाच्या शेवटाकडे एक माणूस पेटती मेणबत्ती घेऊन रिकाम्या तलावातून चालतो. तो प्रसंग जवळजवळ नऊ मिनिटे चालतो. त्यात संवाद नाही, प्रसंग संपेपर्यंत संगीतही नाही. तेव्हा सुरुवातीचे अर्धे मिनिट आणि शेवटचे अर्धे मिनिट दाखवावे आणि मधला भाग पुढे पळवावा, असे आपण म्हणता. मुले चुळबुळ करतील, कोणी हसेल, आणि एकदा हशा पिकला की सारा कार्यक्रम हातचा जाईल, ही आपली भीती आहे.

भीती अगदीच निराधार नाही. मुलेच काय, थोरही या प्रसंगी चुळबुळ करतात. तरीही आमची आपणांस विनंती आहे की, वेळ कमी पडत असेल तर चित्रपटातील दुसरे काहीही गाळावे, किंबहुना चित्रपटच रद्द करावा. पण ही नऊ मिनिटे कापू नयेत. असे का, ते सांगण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. तो कंटाळवाणा होऊ नये, याची काळजी घेतो.

चित्रपटाचा जन्म झाला तेव्हा त्यात 'कापणे' नव्हतेच. लुमिएर बंधूंनी 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये जे छोटे चित्रपट दाखवले, आणि पुढील वर्षी 7 जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जे दाखवले गेले, त्यांतील प्रत्येक सुमारे 50 सेकंदांचा होता. कॅमेऱ्यात तेवढीच फीत मावत असे. कॅमेरा उभा करायचा, दांडा फिरवायचा, कारखान्यातून कामगार बाहेर पडताना टिपायचे आणि फीत संपली की थांबायचे. प्रेक्षकाला दिसे ती वेळ आणि घडलेली वेळ एकच. पुढे दहा-पंधरा वर्षांत दिग्दर्शकांना कात्रीचे सामर्थ्य कळले. अमेरिकेत ग्रिफिथ यांनी संकटात सापडलेले कुटुंब आणि त्याच्या मदतीला धावून येणारा माणूस ही दोन दृश्ये आलटून-पालटून जोडली. प्रेक्षकांचा श्वास अडकू लागला. तेव्हापासून चित्रपटाने वेळेवर हुकमत मिळवली. माणूस दारातून निघतो आणि पुढच्या क्षणी दुसऱ्या गावी पोचतो. मधला रस्ता कोणी मागत नाही. आपण सारे याच सवयीवर वाढलो. हिंदी चित्रपटात एका गाण्यात नायक लहानाचा मोठा होतो, आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही.

या कात्रीला पहिला विचारपूर्वक आक्षेप घेणाऱ्यांत आंद्रे बाझँ हे फ्रेंच समीक्षक अग्रणी होते. ते कॅथलिक होते आणि 1958 साली अवघ्या चाळिशीत वारले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कात्री प्रेक्षकाला सांगते, 'हे पाहा, आता हे पाहा', आणि अखंड दृश्य म्हणते, 'पाहा'. पहिल्यात दिग्दर्शक आपल्यासाठी निवड करतो, दुसऱ्यात ती आपल्याला करावी लागते. बाझँ यांना अतिशय भावलेला एक प्रसंग डी सिका यांच्या 1952 सालच्या 'उंबेर्तो डी' या इटालियन चित्रपटात आहे. घरकाम करणारी एक पोर पहाटे उठते, गॅस पेटवते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी सोडते, खुर्चीवर बसून कॉफी दळते आणि बसल्या जागेवरून पाय लांबवून बोटांनी दार लोटते. कथेच्या दृष्टीने काहीच घडत नाही. पण मुलगी गरोदर आहे, अविवाहित आहे, हे आपल्याला ठाऊक असते. कॉफी दळता दळता तिच्या डोळ्यांतून पाणी येते आणि हात थांबत नाहीत. 'ती दुःखी होती' हे एका संवादात सांगता आले असते. मात्र दुःखातही कॉफी दळावीच लागते, हे सांगायला कॉफी दळण्याइतकाच वेळ लागतो.

आता आपल्या मेणबत्तीकडे येऊ.

तार्कोव्हस्की रशियन होते. सोव्हिएत राजवटीत देवाधर्माविषयीचे चित्रपट काढणे किती कठीण होते, हे त्यांच्या 'आंद्रेई रुब्ल्योव्ह' या चित्रपटाच्या वाट्याला आलेल्या छळावरून दिसते. संतचित्रे रंगवणाऱ्या एका मध्ययुगीन मठवासीयाचा हा चित्रपट 1966 साली तयार झाला आणि मायदेशी त्याचे सर्वसाधारण प्रदर्शन 1971 पर्यंत लांबले. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त 1995 साली व्हॅटिकनने जी 45 चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तीत हा चित्रपट आहे आणि त्यांचा अखेरचा 'द सॅक्रिफाइस'ही आहे. 'नोस्टाल्जिया' त्यात नाही. आमच्या मते असायला हरकत नव्हती. हा चित्रपट त्यांनी 1982 साली इटलीत चित्रित केला. पटकथा तोनिनो ग्वेर्रा या इटालियन कवीबरोबर लिहिली. पुढे 1984 साली मिलान येथे त्यांनी आपण मायदेशी परतणार नसल्याचे जाहीर केले, आणि 29 डिसेंबर 1986 रोजी पॅरिसमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. परदेशात जीव न रमणाऱ्या माणसाची ही कथा त्यांनी स्वतः तसे होण्याच्या थोडे आधी चित्रित केली होती, हे लक्षात ठेवलेले बरे.

कथा आपण पाहिली आहे, तरी तिचे दुवे पुन्हा सांगतो, कारण मेणबत्तीचे वजन त्या दुव्यांवर आहे. गोर्चाकोव्ह हा रशियन लेखक इटलीत आला आहे. अठराव्या शतकातील एका रशियन संगीतकाराचे चरित्र त्याला लिहायचे आहे. सोबत एउजेनिया ही दुभाषी तरुणी आहे. आरंभीच दोघे एका देवळाशी येतात. पिएरो देल्ला फ्रांचेस्का यांनी रंगवलेली गरोदर मरियामाता पाहण्यासाठी मोठा प्रवास करून आलेला हा माणूस दाराशी येऊन आत जातच नाही. एउजेनिया आत जाते. तिथे स्त्रिया मरियामातेची मूर्ती खांद्यावरून आणतात, असंख्य मेणबत्त्या तेवत असतात, मूर्तीच्या वस्त्रांतून लहान पक्ष्यांचा थवा उडतो. चर्चचा सेवक एउजेनियाला गुडघे टेकायला सांगतो. ती प्रयत्न करते. तिला जमत नाही. म्हणजे चित्रपटाच्या सुरुवातीलाच दोन माणसे आहेत: एक दाराबाहेर थांबलेला आणि एक आत जाऊनही गुडघे न टेकू शकलेली. ज्या मेणबत्त्या इथे शेकड्यांनी आहेत, त्यांतील एकच शेवटी उरणार आहे.

पुढे ते बान्यो विन्योनी या तोस्कानातील गावी उतरतात. हे गाव खरे आहे. गावाच्या मध्यभागी चौक असावा तिथे गरम पाण्याच्या झऱ्याचा मोठा चौकोनी तलाव आहे, आणि त्याच्या काठावर सिएनाच्या संत कॅथरिनच्या नावाची ओवरी आहे. कॅथरिनने संन्यस्त जीवनाचा हट्ट सोडावा म्हणून तिची आई तिला या स्नानांसाठी घेऊन आली होती आणि मुलीने मात्र सर्वांत कढत पाण्याची जागा प्रायश्चित्तासाठी निवडली, असे तिच्या चरित्रात आहे.  चित्रपटात संत कॅथरिनचा उल्लेख येतो.

या गावात दोमेनिको राहतो. लोक त्याला वेडा म्हणतात. जगाचा अंत येणार म्हणून त्याने आपल्या बायकामुलांना सात वर्षे घरात कोंडून ठेवले होते. आता त्याची अशी श्रद्धा आहे की, पेटती मेणबत्ती या तलावातून या काठापासून त्या काठापर्यंत न विझता नेली, तर जग वाचेल. तो पाण्यात उतरला की लोक त्याला बाहेर ओढतात. त्यांना वाटते, हा बुडून मरणार. म्हणून तो ते काम गोर्चाकोव्हकडे सोपवतो आणि त्याला मेणबत्तीचा तुकडा देतो. गोर्चाकोव्ह तो घेतो. फार विश्वासाने घेतो असे नाही.

यानंतर दोमेनिको रोमला जातो, कापितोलीनो टेकडीवरील मार्कुस औरेलिउसच्या अश्वारूढ पुतळ्यावर चढून भाषण करतो आणि स्वतःला पेटवून घेतो. इकडे मायदेशी निघालेला गोर्चाकोव्ह एउजेनियाच्या फोनवरून ऐकतो की, दोमेनिकोने 'मेणबत्ती नेली का?' असे विचारले आहे. तो गाडी परत वळवतो.

ग्रिफिथच्या परंपरेतील कोणताही कुशल दिग्दर्शक इथे काय करील, याचा विचार करा. एकीकडे रोममध्ये ज्वाळा, दुसरीकडे तलावात ज्योत. पाच सेकंद हे, पाच सेकंद ते. मेणबत्ती पोचेल की तो आधी मरेल? सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल. तार्कोव्हस्की यांच्यापाशी हे सारे साहित्य तयार होते आणि त्यांनी ते वापरले नाही. दोमेनिकोचा मृत्यू त्यांनी मुख्यतः एकसंध दाखवला, संपवला, आणि मग मेणबत्तीचा प्रवास वेगळा, एका अखंड चित्रणात दाखवला. त्यामुळे 'वेळेत पोचेल का' हा प्रश्नच उरत नाही. ज्याने काम सांगितले तो माणूस आपल्या लेखी गेलेला आहे. आता वाट पाहणारे कोणी नाही.

गोर्चाकोव्ह येतो तेव्हा तलावातले पाणी सफाईसाठी काढलेले असते. तळाशी चिखल आहे, डबकी आहेत, लोकांनी वर्षानुवर्षे टाकलेल्या वस्तू बाहेर काढल्या जात आहेत. त्याला हृदयविकार आहे. तो एक गोळी घेतो. मग तळात उतरतो, लायटरने मेणबत्ती पेटवतो आणि चालू लागतो. कॅमेरा त्याला समांतर सरकतो. काही अंतर जाते आणि ज्योत विझते. तो क्षणभर थांबतो आणि परत फिरतो. कॅमेरा त्याच्याबरोबर मागे येतो. हे परत येणेही पूर्ण दाखवले आहे, मित्रवर्य. एक पाऊलही गाळलेले नाही. आरंभाच्या भिंतीशी येऊन तो पुन्हा पेटवतो. या खेपेस तो अधिक सावध आहे, हाताचा आडोसा धरतो. पुन्हा विझते. पुन्हा मागे. तिसऱ्या खेपेस तो कोटाची बाजू पुढे ओढून ज्योत झाकतो. पावले लहान झाली आहेत, श्वास जड झाला आहे. दरम्यान कॅमेरा नकळत जवळ आला आहे. आरंभी तलाव आणि माणूस पूर्ण दिसत होता. आता मुख्यतः हात, कोट आणि ज्योत दिसते. तो पलीकडच्या भिंतीशी पोचतो, मेण ठिबकवून मेणबत्ती कडेवर बसवतो, कण्हतो आणि चौकटीबाहेर कोसळतो. पडद्यावर ज्योत उरते. मग वेर्दी यांच्या मृतांसाठीच्या मिस्सेचे संगीत सुरू होते.

आपण ज्याला 'मधला भाग' म्हणता तो म्हणजे दोन वेळा विझणे आणि दोन वेळा परत येणे. तो पळवला तर उरते काय? एक माणूस मेणबत्ती पेटवतो आणि दुसऱ्या काठावर ठेवून मरतो. ती एक सुंदर प्रतिमा होईल, एखाद्या भेटकार्डावर छापण्याजोगी. परंतु त्या माणसाने काय केले, हे त्यात नसेल. त्याला पाहणारे कोणी नव्हते. पहिल्यांदा विझली तेव्हा तो जिथे होता तिथेच पुन्हा पेटवून पुढे जाऊ शकला असता. जाब विचारणारा दोमेनिको उरलेला नाही. गावकऱ्यांना त्या मेणबत्तीचे काही पडलेले नाही. पळवाट त्याच्या खिशातल्या लायटरमध्येच होती. तो ती घेत नाही आणि भिंतीपर्यंत मागे जातो. पहिल्या वेळी कदाचित दिलेल्या शब्दाखातर जात असेल. दुसऱ्या वेळी मात्र तो ज्या अर्थी मागे फिरतो, त्या अर्थी ते काम आता त्याचे स्वतःचे झाले आहे. दारापाशी थांबलेला हा माणूस कुठे आत शिरला असेल तर तो या दुसऱ्या परतीत, असे आम्हांला वाटते. तिथे एक शब्दही नाही, आणि शब्द घातला असता तर तो खोटा ठरला असता.

म्हणून कात्री इथे निव्वळ वेळ वाचवत नाही. ती तेच करते जे गोर्चाकोव्हने केले नाही. मधूनच पुन्हा पेटवून पुढे जाणे आणि मधला भाग पळवणे, यांत फरक काय? तार्कोव्हस्की यांनी मुख्य भूमिका करणाऱ्या ओलेग यांकोव्हस्की यांना सांगितले होते की, जन्मापासून मृत्यूपर्यंतचे एक संपूर्ण मानवी आयुष्य एका अखंड चित्रणात, संकलनाविना दाखवायचे आहे. यांकोव्हस्की यांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली. आयुष्याचा मधला भाग पळवता येत नाही, हे त्यातून निघते.

याला एक कारागिरीचीही बाजू आहे. त्या काळी चित्रपट फितीवर घेतला जाई. कॅमेऱ्यात बसणाऱ्या मोठ्या रिळात 1000 फूट फीत असे आणि मिनिटाला 90 फूट या वेगाने ती सुमारे 11 मिनिटांत संपे. नऊ मिनिटांच्या चित्रणाला 800 फुटांहून अधिक फीत लागते. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण रीळ एका प्रयत्नात जाई. आठव्या मिनिटाला कॅमेऱ्याची गाडी डचमळली किंवा नटाचा पाय घसरला, तर ते सगळे रीळ वाया. नवे रीळ भरा, आरंभीच्या भिंतीशी जा आणि पुन्हा सुरू करा. पडद्यावरचा माणूस आणि कॅमेऱ्यामागची माणसे या प्रसंगात एकाच नियमाने बांधलेली होती. छायालेखक ज्युझेप्पे लांची यांना ज्योतही दिसायला हवी होती आणि दिवसाच्या मंद उजेडातला ओला दगडही. आज अंकीय कॅमेऱ्याला रिळाची मर्यादा नाही. 2002 साली 'रशियन आर्क' हा सुमारे दीड तासाचा अख्खा चित्रपट एकाच चित्रणात घेतला गेला. लांबीचे अप्रूप आता राहिलेले नाही. गोर्चाकोव्हच्या प्रसंगाचे महत्त्वही निव्वळ लांबीत नव्हते.

इथे आपल्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सावकाश आणि निःशब्द म्हणजे सखोल, असे समजणाऱ्या दिग्दर्शकांचा एक पंथच पुढे निर्माण झाला. खिडकीबाहेर पाहणारी बाई, भिंतीकडे पाहणारा म्हातारा, आणि त्यांच्याकडे पाहणारे बिचारे आपण! असे चित्रपट आम्हीही पाहिले आहेत आणि त्यांत घड्याळ पाहिले आहे. खरा आणि पोकळ, असा फरक कसा ओळखावा? आमची एक साधी रीत आहे. दृश्य मनातल्या मनात निम्मे करावे आणि विचारावे, काय गेले? काहीच गेले नसेल तर ते लांबवलेले होते. दुसरे असे की, खऱ्या निःशब्द दृश्यात कोणाला तरी काही तरी करायचे असते आणि ते साधेल की नाही, हे ठरलेले नसते. कॉफी दळायची असते, ज्योत सांभाळायची असते. केवळ 'वातावरण' निर्माण करायचे असेल, तर एक मिनिट पुरते. खुद्द 'नोस्टाल्जिया'तही प्रत्येक लांब दृश्य या कसोटीला उतरते, असे आम्ही म्हणणार नाही. हॉटेलमध्ये एउजेनिया संतापून लांबलचक बोलते, तो भाग निम्मा केला असता तर आमची तक्रार नव्हती; आणि तो तर बोलका प्रसंग आहे!

आपल्या मराठीतले एक उदाहरण देतो, कारण आपण तो चित्रपट पाहिला आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 2014 सालच्या 'कोर्ट'मध्ये सुट्टी लागण्याआधीचे कामकाज संपते, माणसे निघून जातात, एकेक दिवा मालवला जातो आणि न्यायालयाचा कक्ष अंधारात बुडतो. कॅमेरा हलत नाही. अंधार आपल्या अपेक्षेपेक्षा अधिक काळ पडद्यावर राहतो. आपल्याला वाटते, चित्रपट संपला. तो संपलेला नसतो. तुरुंगातला म्हातारा शाहीर सुट्टीभर आत राहणार, ही गोष्ट त्या अंधारात आपल्या ध्यानात येते. दोन सेकंदांत पडदा उजळला असता तर ती ध्यानात आली नसती.

'निःशब्द' या शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मेणबत्तीचा प्रसंग मुका नाही. त्यात पाणी ठिबकते, डबक्यात बूट पडतो, लायटर खटकतो, आणि शेवटी शेवटी माणसाचा श्वास इतका जवळ येतो की तो आपल्याच शेजारच्या खुर्चीवरून येत असल्याचा भास व्हावा. संगीत काढून घेतल्यामुळेच हे ऐकू येते. पार्श्वसंगीत असते तर त्याने आपल्याला सांगून टाकले असते की आता घाबरा, आता हळवे व्हा, आता सुटकेचा निःश्वास टाका. ते नसल्यामुळे आपण पहिल्या मिनिटाला कुतूहलाने पाहतो, तिसऱ्या मिनिटाला कंटाळतो, आणि दुसऱ्यांदा ज्योत विझते तेव्हा आपल्याच तोंडून 'अरेरे' निघते. पुढच्या खेपेला आपण श्वास जपून घेऊ लागतो, जणू आपल्या श्वासाने ती विझेल. हा बदल घडायला मधला कंटाळा लागतो. तो चुकून राहिलेला नाही. पुनरुत्थानाच्या जागरणाला चर्चबाहेरच्या वाऱ्यात मेणबत्ती धरून उभे राहिलेल्या मुलांना तळव्याचा आडोसा कसा करायचा, हे कोणी शिकवावे लागत नाही. आपण ज्यांच्याविषयी काळजी करता त्या मुलांचे हात हे काम ओळखतात.

1983 च्या कान महोत्सवात या चित्रपटाला एक मोठा पुरस्कार मिळाला. तो रोबेर ब्रेसाँ यांच्या 'लार्जाँ' या चित्रपटाबरोबर विभागून होता. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट संघटनांच्या संयुक्त परीक्षक मंडळानेही आपला पुरस्कार याच चित्रपटाला दिला. याचा आधार घेऊन आपणांस पटवावे, असा आमचा हेतू नाही. पुरस्कारांनी कोणाचा कंटाळा जात नाही.

आता व्यवहाराचे. चित्रपट सव्वादोन तासांच्या आत संपतो. मध्यंतर घ्यायचेच असेल तर ते गोर्चाकोव्ह दोमेनिकोच्या घरून मेणबत्ती घेऊन निघतो त्यानंतर घ्यावे, रोमच्या प्रसंगानंतर मुळीच घेऊ नये, कारण दोमेनिकोचा मृत्यू आणि तलाव यांत खंड पडता कामा नये. आधी मुलांना दोन वाक्यांत सांगून ठेवावे की, पुढे एक माणूस काही काळ नुसता चालणार आहे आणि ज्योत विझली तर त्याला आरंभापासून निघावे लागणार आहे. एवढे ठाऊक असले की हसणारेही मोजू लागतात. ध्वनी नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवावा आणि शक्य असेल तर छतावरचे पंखे तेवढ्यापुरते बंद करावेत. त्यांच्या घरघरीत ठिबकणारे पाणी बुडून जाते. मेणबत्ती कडेवर ठेवली गेली की कोणीतरी उत्साहाने दिवे लावील, त्याला आधीच बजावून ठेवावे. अजून एक दृश्य बाकी आहे. छप्पर नसलेल्या सान गाल्गानो मठाच्या भिंतींच्या आत गोर्चाकोव्हचे रशियातले घर दिसते, समोर तो आणि कुत्रा बसलेले असतात, कॅमेरा हळूहळू मागे सरतो आणि बर्फ पडू लागते. मग दिग्दर्शकाने आपल्या आईच्या स्मृतीस केलेली अर्पणाची ओळ येते. ती वाचून होईपर्यंत बटणाला हात लावू देऊ नये.

आपला,
एक स्नेही